'अधिकार' की 'भाग'?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७व्या श्लोकाची दोन मराठी रूपे शेजारी ठेवली, की 'मूलनिष्ठा' हा अनुवाद-समीक्षेचा लाडका निकष अपुरा पडतो. टिळकांनी 'गीतारहस्या'तील (१९१५) गद्य भाषांतरात मुळातला 'अधिकार' कायम ठेवला. विनोबांनी समश्लोकी 'गीताई'त (१९३२) त्या जागी 'भाग' योजला. छंदाच्या सोयीसाठी अर्थ पातळ केला, हा यावरचा आक्षेप टिकत नाही. 'हक्क' हा शब्दही गुरु-लघूच आहे. तो छंदात बसला असता.

मीमांसकांच्या परिभाषेत अधिकार म्हणजे फलावरील स्वामित्व. त्याच शब्दाने फल नाकारण्यातला विरोधाभास टिळकांकडे निदान शब्दरूपाने उरतो. मात्र आजच्या वाचकाला तेथे हक्क किंवा सत्ताच ऐकू येते. 'भाग' या शब्दात तो विरोधाभास हरवतो, हे मान्यच केले पाहिजे. पण रेणापूरच्या शेतकऱ्याला त्यात वाटणीला आलेला हिस्सा ऐकू येतो, आणि 'करणे भाग आहे' यातली अपरिहार्यताही. शिवाय शास्त्राने स्त्री-शूद्रांना नाकारलेल्या अधिकाराची छाया या शब्दावर नाही. आईला गीता मराठीत वाचता यावी, या इच्छेशी ज्याचे मूळ जोडलेले आहे त्या अनुवादात हा फरक किरकोळ नव्हे.

अनुवाद मुळाशी किती निष्ठ, एवढेच विचारणारी समीक्षा म्हणूनच अर्धी राहते. निवडलेल्या शब्दाने कोणाला आत घेतले आणि कोणाला दाराशीच थांबवले, हेही तिने विचारले पाहिजे.