विश्लेषण : किडनी देणाऱ्याच्या रजेचे 42 दिवस, कोणाला मिळतात, कधीपासून मोजतात, पुरतात का?

नात्यातल्या माणसाला किडनी द्यायचे ठरले की घरात चर्चा होते ती रुग्णाची. देणारा मात्र ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत धडधाकट असतो, त्यामुळे त्याच्या रजेचा विचार शेवटी होतो. केंद्र सरकारने 25 एप्रिल 2023 रोजी अवयवदात्या कर्मचाऱ्यांसाठी 42 दिवसांच्या विशेष नैमित्तिक रजेचा आदेश काढला. अहिल्यानगरमध्ये टपाल खाते आणि संरक्षण खात्याच्या व्हीआरडीईसारख्या संस्थांतील नागरी कर्मचारी केंद्राच्या सेवेत आहेत. जिल्ह्यातील बाकीच्या नोकरदारांना आणि शेतकऱ्यांना हा आदेश आपोआप लागू होत नाही. दोघांचेही गणित समजून घेण्यासारखे आहे.

आदेश नेमका काय?

अवयव काढण्याचे ऑपरेशन कोणत्याही पद्धतीने झाले, तरी कमाल रजा 42 दिवसांचीच आहे. नोंदणीकृत डॉक्टरची शिफारस लागते आणि दात्याला 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मंजुरी मिळालेली असावी लागते. ऑपरेशन खासगी रुग्णालयात असेल तर तिथल्या विभागप्रमुखाचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

ही रजा साधारणपणे सलग घ्यायची असते आणि ती रुग्णालयात दाखल झाल्याच्या दिवसापासून सुरू होते. डॉक्टरांनी गरज सांगितली तर ऑपरेशनच्या आधी जास्तीत जास्त आठवडाभर ती सुरू करता येते. एरवी तिला दुसरी रजा जोडता येत नाही. ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली आणि रुग्णालयाने तशी शिफारस केली, तरच जोडता येते.

दिवस कसे मोजायचे?

एक उदाहरण घेऊ. भावाला किडनी देणारा टपाल खात्यातील एक लिपिक 6 जुलैला पुण्यात दाखल झाला आणि ऑपरेशन 8 जुलैला झाले. सलग दिवस धरले तर त्याची रजा 16 ऑगस्टला संपते. ऑपरेशनचा दिवस धरून विश्रांतीचे 40 दिवस हाती राहतात.

आता त्याने रजा आठवडाभर आधी, म्हणजे 1 जुलैपासून घेतली असे समजू. 42 हा आकडा वाढत नाही, त्यामुळे रजा 11 ऑगस्टलाच संपते आणि विश्रांतीचे पाच दिवस कमी होतात. म्हणून आधीचा आठवडा खरोखर लागणार असेल तरच घ्यावा. रजा मंजुरीच्या पत्रात सुरुवातीची आणि शेवटची तारीख दोन्ही लिहून घेतल्या की पुढे वाद राहत नाही.

दात्याच्या तपासण्यांत रक्तगट, क्रॉसमॅच, लघवी, किडनीची कार्यक्षमता आणि सीटी अँजिओग्राफी अशी यादी असते. त्यासाठी पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरला बऱ्याच फेऱ्या होतात, आणि त्या ऑपरेशनच्या कितीतरी आठवडे आधी होतात. या फेऱ्यांसाठी नेहमीची किरकोळ किंवा अर्जित रजा राखून ठेवावी लागते.

मंजुरीला वेळ कुठे जातो?

आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, पती किंवा पत्नी आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी, आजोबा, नातवंडे हे कायद्याने जवळचे नातेवाईक आहेत. मामा, काका, चुलतभाऊ, मेहुणा, सासू या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचे प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते आणि तिथे मुलाखत होते. नाते सिद्ध करणारी कागदपत्रे अपुरी असतील तर ऑपरेशनची तारीख पुढे सरकते. म्हणून मंजुरी हातात येण्याआधी रजेच्या तारखा पक्क्या करू नयेत. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावी, असे नियम सांगतात.

42 दिवस पुरतात का?

याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. किडनी आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीद्वारे काढतात आणि सर्व ठीक असेल तर दाता काही दिवसांत घरी येतो. पण किडनी बाहेर काढण्यासाठी पोटावर एक मोठा छेद घ्यावाच लागतो. वरची त्वचा लवकर जुळली तरी आतले स्नायूंचे थर जुळायला वेळ लागतो. त्याआधी जोर लावला तर तिथे हर्निया होऊ शकतो. म्हणून साधारण सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, असा सल्ला दिला जातो.

टेबलावर बसून काम करणारा अनेकदा चार ते सहा आठवड्यांत रुजू होऊ शकतो. एमआयडीसीत वजन उचलणारा, दुधाचे कॅन चढवणारा किंवा ऊसतोड करणारा यांना दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. रुजू होताना डॉक्टरांकडून केवळ 'फिट' असा शेरा न घेता 'अमुक तारखेपर्यंत वजन उचलू नये' असे लिहून घ्यावे. हलके काम मागायला तो कागद उपयोगी पडतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत थकवा येतो, तो अपेक्षित आहे. क्रिएटिनिन आधीपेक्षा थोडे जास्त दिसते, कारण आता एकच किडनी काम करते. तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. मात्र ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज, दम लागणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे. दुखले म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नये, ती उरलेल्या किडनीला घातक ठरू शकते. वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासणे आयुष्यभर चालू ठेवावे लागते.

केंद्राची नोकरी नसेल तर?

केंद्राच्या या आदेशावर विसंबून राज्य शासनाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला रजा मागता येत नाही. त्याने आपल्या कार्यालयात दात्यासाठी कोणती रजा आहे, हे आधी लेखी विचारावे. वेगळी विशेष रजा मिळाली नाही तर 1981 च्या रजा नियमांतील अर्जित किंवा परिवर्तित रजेचा मार्ग राहतो. परिवर्तित रजेत पगार पूर्ण मिळतो, पण अर्धवेतनी रजेचे दुप्पट दिवस खर्च होतात. म्हणजे 42 दिवसांसाठी खात्यातून 84 दिवस वजा होतात.

शेतकरी, रोजंदारी कामगार किंवा दुकानदार यांना रजाच नाही, बुडतो तो रोज. किडनीची किंमत देणे किंवा घेणे गुन्हा आहे. मात्र कायद्याने केलेल्या 'मोबदल्या'च्या व्याख्येतून दात्याचा प्रत्यक्ष खर्च आणि अवयवदानामुळे बुडालेली वाजवी कमाई वगळली आहे. प्रवास, तपासण्या आणि बुडालेला रोज रुग्णाच्या घरच्यांनी भरून दिला तर तो विक्रीचा व्यवहार ठरत नाही. त्याच्या पावत्या आणि हिशेब जपून ठेवावेत आणि ही गोष्ट रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाला आधीच सांगावी.

रजेचा सर्वात अवघड हिशेब घरात असतो. पत्नीने पतीला किडनी दिली तर एकाच घरात दोन रुग्ण असतात, आणि पाण्याचे हंडे, लहान मूल, जनावरांचा चारा तिच्याच वाट्याला येतो. तिचे सहा आठवडे कोणत्याही आदेशात लिहिलेले नाहीत. त्या काळात ही कामे कोण करणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरायला हवे.