प्लॅन फसल्यावर कोण कसा वागतो?

गेले दोन वीकांत एक चोरीची कथा लिहितोय. चार जणांची टोळी, मंगल कार्यालय, वधूपक्षाच्या खोलीतली दागिन्यांची बॅग. प्लॅन एकदम झकास, अगदी मिनिटामिनिटाचा. बरोब्बर मध्यावर तो फसतो, कारण बाहेर अचानक पोलिसांची गाडी येऊन थांबते. स्वतःवरच खूश होऊन मित्राला वाचायला दिली. त्याने वाचली आणि म्हणाला, "मग काय? चौघंही पळाले. सारखेच पळाले की रे!"

च्यायला, खरंच की. पोलीस आल्यावर पळणे ही कोणाच्याच स्वभावाची खूण नाही. त्या प्रसंगात निवड करायला जागाच नव्हती, मग माणूस दिसणार कुठून?

म्हणून परत एकदा सिडने ल्युमेटचा १९७५ सालचा 'डॉग डे आफ्टरनून' पाहिला, या वेळी हातात वही घेऊन. १९७२ साली ब्रुकलिनमध्ये घडलेल्या बँकेवरच्या खऱ्या दरोड्यावर तो बेतलेला आहे. (पाहिला नसेल तर आधी बघा, पुढे बरंच काही फोडणार आहे.)

तिघे जण बँकेत शिरतात. काही मिनिटांतच सगळ्यात धाकटा स्टीव्ही म्हणतो, मला नाही जमणार, आणि निघतो. टोळीचा म्होरक्या सॉनी त्याला जाऊ देतो, फक्त गाडी नेऊ नकोस म्हणून विनवतो! मग कळतं की तिजोरीतली रोकड आधीच उचलून नेलीये, उरलेत जेमतेम ११०० डॉलर. इथे प्लॅन संपला. पण पळायला अजून वाव आहे, आणि हेच महत्त्वाचं. सॉनी पळत नाही. ट्रॅव्हलर्स चेक घेतो आणि त्यांचा माग लागू नये म्हणून नोंदवही कचऱ्याच्या डब्यात जाळतो. त्याचा धूर बाहेर जातो, समोरच्या माणसाला शंका येते, आणि थोड्याच वेळात बँकेतला फोन वाजतो. पलीकडे पोलीस!

पोलीस इथेही आले, पण टपकले नाहीत. सॉनीने ते स्वतः ओढवून घेतले. त्याला बँकेच्या खाचाखोचा माहीत आहेत, आपण हुशार आहोत असं त्याला वाटतं, आणि त्या हुशारीनेच तो अडकतो. माझ्या मते खरी गोम इथे आहे. ऐन वेळी काढलेली युक्ती त्या माणसाच्या स्वभावातून यावी आणि तिच्यातूनच पुढचं संकट उभं राहावं. लेखक लोक (म्हणजे मीच) नेमकं उलटं करतात. प्लॅन फसला की प्रत्येकाला अचानक जीनियस करून टाकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे संकट एकच, पण प्रत्येकाचं वागणं वेगळं. सॉनी ओलिसांशी बोलतो, बाहेरच्या गर्दीसमोर भाषण ठोकतो, नोटा उधळतो. त्याला माणसं लागतात. साल गप्प, बंदूक हातात. तो माणसं मारायला खरोखर तयार आहे, आणि तोच बँकेतल्या बाईला सिगरेट ओढू नका म्हणून सांगतो. कुठल्या देशात जायचंय असं सॉनी विचारतो तेव्हा साल म्हणतो, वायोमिंग! हे उत्तर म्हणे जॉन कझालने शूटिंगच्या वेळी स्वतःच घातलं. हसू येतं, पण पुढच्याच क्षणी पोटात गोळा येतो. या माणसाला जग किती थोडं माहीत आहे, आणि त्याच्याच हातात बंदूक आहे.

आता माझी कथा. पोलिसांची गाडी उडवली. नवा प्रसंग असा: खोली रिकामी असायला हवी, पण चक्कर आल्यामुळे नवरीच्या आजी तिथे आडव्या झाल्यात, आणि बॅग त्यांच्या उशाशी. पळायची सक्ती नाही, आरडाओरडा नाही. एक जण "सॉरी, खोली चुकली" म्हणतो. दुसरा पाणी आणून देतो. तिसरी आजींना "बरं वाटतंय ना?" विचारता विचारता बॅगेकडे हात नेते. आणि गाडीत बसलेला चौथा पाच मिनिटं उशीर झाला म्हणून निघून जातो. पाणी देणारा तिथेच अडकणार, कारण आजी त्याचा हात सोडत नाहीत, आणि आता त्यांनी त्याचा चेहरा नीट पाहिलाय.

फक्त एक पथ्य. या सवयी आधी, प्लॅन ठरताना, सहज दिसायला हव्यात. चौथा जण चहाच्या टपरीवरही कोणासाठी थांबत नाही, एवढं एक वाक्य पुरे. नाहीतर वाचक म्हणणार, लेखकाने सोयीने पळवला.

ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर बसला की हेच दिसतं म्हणा. कोण लॉग उघडतो, कोण मेल लिहितो, कोण बॅग उचलतो. असो. आजी वाट बघताहेत, लिहायला बसतो.