एका युनिटचे दोन भाव

एकाच कंपनीच्या वीजनिर्मिती विभागाने पोलाद विभागाला वीज दिली, तर तिचा भाव काय धरायचा? जिंदाल स्टील अँड पॉवरच्या प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाली निघाला. कंपनीने आपल्याच कारखान्याला दिलेली वीज युनिटला ३.७२ रुपयांनी दाखवली होती. उरलेली वीज राज्य वीज मंडळाला मात्र २.३२ रुपयांनी विकली होती. कलम ८०-आयएची वजावट विजेच्या नफ्यावर होती, पोलादाच्या नव्हे. साहजिकच वादातला १.४० रुपयांचा फरक पोलादाच्या खात्यातून वजावटीच्या खात्यात जात होता. कंपनीचा करपूर्व नफा मात्र तेवढाच राहत होता.

प्राप्तिकर खाते २.३२ वर अडून बसले. न्यायालयाने ते मानले नाही. जादा वीज मंडळालाच विकावी लागत होती, त्यामुळे तो खुल्या बाजारातला भाव नव्हता. मंडळ उद्योगांना ज्या दराने वीज पुरवते, तोच बाजारभाव, म्हणजे ३.७२ रुपये.

करापुरता हा निकाल आम्हाला पटतो. घोटाळा होतो तो हाच दर विभागांच्या मासिक हिशेबात उतरवला की.

समजा, भट्टीसाठी एक जादा ऑर्डर आली. वीज सोडून बाकीचा सगळा जादा खर्च वजा केल्यावर ती वापरलेल्या विजेच्या दर युनिटमागे ३ रुपये देते. पोलाद विभागाचा प्रमुख ३.७२ चा दर पाहतो, ७२ पैसे तोटा मांडतो आणि ऑर्डर सोडतो. त्याचा बोनस विभागाच्या नफ्यावर असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? तीच वीज मग मंडळाला २.३२ ने जाते. कंपनीचे युनिटमागे ६८ पैसे बुडाले. लाख युनिटांवर ६८,००० रुपये. हे नुकसान कोणत्याच विभागाच्या खात्यात दिसत नाही, उलट वीज विभागाचा नफा झकास दिसतो. शोधायचे तर मंडळाला विकलेल्या युनिटांचा तक्ता आणि भट्टीच्या रिकाम्या तासांची नोंद शेजारी ठेवून पाहावी. दोन्ही आकडे एकाच महिन्यात चढले असतील, तर संशयाला जागा आहे.

निर्णयासाठी दर हवा तो निर्मितीचा बदलता खर्च अधिक हातची गेलेली कमाई. जादा वीज विकली जात असेल तोवर या दोहोंची बेरीज २.३२ च होते. निर्मिती पुरी पडेनाशी होऊन कारखान्याला मंडळाकडून वीज घ्यावी लागली, की तीच ३.७२ वर जाते. म्हणून वर्षभर एकच दर ठेवण्यात अर्थ नाही.

पण सगळी वीज २.३२ ने दिली, तर वीजकेंद्राचा स्थिर खर्च निघेलच असे नाही. त्यासाठी पोलाद विभागाकडून राखून ठेवलेल्या क्षमतेनुसार वर्षाची ठोक रक्कम घ्यावी. ती युनिटांच्या वापराशी मात्र बांधू नये, नाहीतर भट्टीपुढे पुन्हा ३.७२ च उभे राहतात. वजावटीचा हिशेब बाजारभावानेच, स्वतंत्र कागदावर करावा आणि दोन्ही दरांमधला फरक दरमहा मुख्य कार्यालयाच्या खात्यात जुळवून ठेवावा.