हातात पडते ते किती?

‘घरपोच सेवेत महिन्याला सव्वीस हजार, मग तक्रार कसली?’ हे गेल्या आठवड्यातील पत्र वाचले. पत्रलेखकांनी ॲपवर दिसणारा आकडाच कमाई मानला आहे. माझा मुलगा पुण्यात हेच काम करतो. त्याच्या वहीतला हिशेब देतो.

महिन्याचे 26 दिवस, रोज अकरा तास, जमा 26,000 रुपये. गाडी रोज 110 किलोमीटर धावते. परतीचे रिकामे अंतरही त्यातच. पेट्रोल रोज 260 रुपये, म्हणजे 6,760. ऑइल, टायर, ब्रेक यांचे सरासरी 1,500. डेटापॅक 340. नव्वद हजारांची स्कूटर तीन वर्षांत पार झिजते आणि अठरा हजारांना विकली जाते, म्हणजे घसारा महिना 2,000. उरतात 15,400.

एवढ्याच पगाराच्या नोकरदारासाठी मालक भविष्यनिर्वाह निधीत 1,800 आणि ईएसआयसाठी सव्वातीन टक्के, सुमारे 500 रुपये भरतो. ही तजवीज मुलाने स्वतः करायची म्हटल्यास 13,100 राहतात. 286 तासांनी भागा: तासाला 46 रुपये. ऑर्डरची वाट पाहण्याचे तासही यात धरलेच पाहिजेत. पगारी रजा नाही; तापात चार दिवस गेले की चार दिवसांची कमाई बुडते.

घसारा रोज खिशातून जात नाही, म्हणून तो दिसत नाही. नवी गाडी घेताना मात्र कर्ज काढावे लागते. पत्रलेखकांनी ओळखीच्या एखाद्या मुलाला ॲपऐवजी त्याची वही दाखवायला सांगावे.

– एक वाचक, पुणे