चाल मागण्याआधी



गेल्या गणपतीतल्या स्वागतगीताचा जो गोंधळ झाला, तो बहुतेकांनी पाहिलाच. चाल बसली नाही याचा दोष सगळ्यांनी पुण्याच्या संगीतकारांना दिला. आमच्या मते तो दोष आपला होता. आपण त्यांना नुसते शब्द पाठवले आणि "छानशी चाल लावा" एवढेच कळवले.

गाण्याच्या धृपदातली ओळ होती, "दूर नाही गाव माझा". आपल्याला म्हणायचे होते की गाव मनाने जवळच आहे. संगीतकारांनी परदेशातल्या माणसांचे गीत म्हणून ते वाचले आणि संथ दादऱ्यात, एकट्या बाईच्या आवाजासाठी, हळवी चाल बांधली. चाल गोडच होती. पण ठेहराव आला "दूर" या शब्दानंतर. ऐकू येऊ लागले, "दूर... नाही गाव माझा". म्हणजे आम्हाला गावच नाही! हॉलमध्ये मागे बसलेल्या आजींनी विचारलेसुद्धा, "अगं, सणाच्या दिवशी असं रडगाणं का?"

शिवाय गाणार होती सात ते बारा वर्षांची वीस मुले, तीही मूर्तीपुढे चालत. दादऱ्यात मात्रा तीन-तीनच्या असतात. पावलागणिक मात्रा धरली की जोराचा ठोका एकदा उजव्या पायावर पडतो, एकदा डाव्या. मोठी माणसे सांभाळून घेतात, मुले अडखळतात. मुखडा इतक्या खालच्या सुरात होता की मुलांचा आवाजच उमटेना, आणि अंतरा इतका वर की ती ओरडू लागली.

आकाशवाणी पुणे केंद्रावर 1 एप्रिल 1955 रोजी सुरू झालेल्या गीतरामायणाची आठवण इथे येते. वर्षभरात 56 गीते झाली. गदिमा आणि बाबूजी एकमेकांच्या भेटीतले. तरीही प्रत्येक गीत कोणाच्या तोंडी आहे आणि प्रसंग कोणता, हे आधी ठरलेले असे, आणि चाल त्यातून निघे. आपण तर हजारो मैलांवरून चाल मागतो. जे भेटीत बोलले असते, ते पत्रात लिहायला नको का?

म्हणून यंदा आम्ही काही जणांनी बसून एक पानाचे पत्र तयार केले. ते थोडक्यात असे:

"प्रसंग: गणपतीचे आगमन, दारापासून मखरापर्यंत चालत, सुमारे तीन मिनिटे. गाणारे: वीस मुले, एकसुरात, साथीला ढोलकी आणि कीबोर्ड, तबलजी नाही. भाव: आनंदाचा, घरी पाहुणा आल्याचा, विरहाचा नाही. लय: मिनिटाला सुमारे 104 पावले, केरवा चालेल. आवाज: मधल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत. 'दूर नाही' हे शब्द एकत्र राहावेत, थांबायचे असल्यास त्यानंतर. तिसऱ्या ओळीतला शब्द बदलला तरी चालेल, पहिली ओळ बदलू नये."

यातला लयीचा आकडा अंदाजाने घातलेला नाही. मुलांना हॉलमध्ये चालवले, पंधरा सेकंदांत 26 पावले मोजली आणि चारने गुणले. आवाजाची मर्यादाही अशीच काढली. कीबोर्डवर एकेक सूर वाजवला, मुलांकडून म्हणवून घेतला, आणि सगळ्यात नाजूक आवाजाच्या मुलीला जिथपर्यंत जमले तिथे थांबलो. चांगल्या गाणाऱ्या मुलावरून मर्यादा ठरवली की बाकीचे एकोणीस गप्प होतात.

पत्रासोबत गीत नुसते वाचून, न गाता, ध्वनिमुद्रित करून पाठवले. कुठे जोर, कुठे श्वास, हे कागदावर कळत नाही. इथे जन्मलेल्या मुलांना 'ळ' घाईत म्हणता येत नाही, हेही कळवले, म्हणजे 'सकाळ'सारख्या शब्दाला सूर जरा लांबवता येईल.

काही जणांचे म्हणणे पडले की एवढ्या अटी घातल्या तर कलावंताचे हात बांधले जातात. आम्हाला तसे वाटत नाही. राग कोणता, मुखडा कुठून उचलायचा, याबद्दल आपण एक अक्षर लिहिलेले नाही आणि लिहूही नये. "अमक्या गाण्यासारखी चाल द्या" असे तर मुळीच नको, कारण मग नक्कलच येते. काय साधायचे ते आपण सांगावे, कसे साधायचे ते त्यांनी ठरवावे.

पहिला मुखडा आला की वाद्यांसकट पूर्ण गाणे करून घेण्याआधी तो मुलांकडून चालत म्हणवून पाहावा, आणि गाणे माहीत नसलेल्या एखाद्याला विचारावे, "काय ऐकू आलं?" गाव आहे असे उत्तर आले, तर चाल बसली.