पट्ट्याची उरलेली वर्षे

बुऱ्हाणपुरात नझूलच्या पट्ट्यावर घर बांधणारा भिंतींचा धनी होतो. जमीन मात्र सरकारचीच राहते. समजा, 2001 साली मिळालेला तीस वर्षांचा पट्टा 2031 मध्ये संपावयाचा आहे. आज ते घर विकावयास काढल्यास गिऱ्हाइकाला पंधरा वर्षांचे कर्ज हवे असते आणि बँक आधी नूतनीकरणाचा कागद मागते. कर्ज फिटण्यापूर्वीच पट्टा संपणार असेल तर ते तारण कसले? पाडून नवे बांधावयाचे, तरी पट्ट्याच्या अटी आडव्या येतात. शेजारच्या मालकीहक्काच्या घराला यातले काहीच नडत नाही. रक्कम भरून भूमिस्वामी हक्क घेण्याची वाट 2020 च्या नझूल निर्देशांत आहे. परंतु पट्टेदार जागा होतो तो बहुधा इसार घेतल्यानंतर! मुदतीची सूचना सरकारनेच वेळेवर घरोघर का धाडू नये?