पोरगी ठसे वाचते, वाचू द्या!

शेतकरी बंधूंनो, आणि ग्रामसेवक, तलाठी, गुरुजी मंडळी, आज खताच्या भावाचा विषय थोडा बाजूला ठेवू. तुमच्या घरात एखादं पोर असेल बघा, ज्याला जनावरांचं वेड असतं. सुगरणीच्या खोप्याखाली तासभर मान वर करून उभं राहतं, बांधावरचा सरडा हलेपर्यंत जागचं हलत नाही. अशा पोराला आपण काय देतो? बाजारातून प्लास्टिकचा वाघ, नाहीतर हातात बेचकी. मग चतुराच्या शेपटीला दोरा बांधणं, घरट्यातली पिल्लं घरी आणणं, पोपट पिंजऱ्यात घालणं सुरू होतं. पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? दोष पोराचा नाही. जनावर आवडतं म्हणजे ते धरायचं, एवढंच आपण त्याला शिकवलं.

न धरता खेळायचा एक खेळ मी मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला माझ्या बहिणीच्या घरी पाहिला. भाची दहा वर्षांची. खेळ ठशांचा. रात्री अंगणाशेजारून कोण गेलं, ते सकाळी मातीत वाचायचं.

करायचं इतकंच. गोठा आणि पायवाट यांच्यामध्ये तीन फूट लांब, तीन फूट रुंद जागा झाडून घ्यायची. धान्याच्या चाळणीने बारीक माती चाळून त्यावर पसरायची, थर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. फळीच्या कडेने सपाट करायची. मग आपलाच तळहात हलकेच दाबून बघायचा. हाताच्या रेषा उमटल्या तर माती बरोबर. कडा ढासळल्या तर थर जाड झाला, नुसता डाग पडला तर पातळ. आपल्याकडे तर याहून सोपी सोय आहे. राब भाजल्यावर वाफ्यात जी राख राहते, तिच्यावर ससा गेला तरी छापल्यासारखा दिसतो. मे महिन्यात पहाटे राबाच्या वाफ्याकडे नुसती चक्कर मारा.

एक गोष्ट मात्र करायची नाही. जनावर यावं म्हणून भाकर, मासळी काही ठेवायचं नाही. त्याने आधी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. खेळ दाराशी संकट आणण्यासाठी नाही.

पहिले तीन दिवस भाचीला कोंबड्या आणि मांजर याखेरीज काही मिळालं नाही. पोर हिरमुसली. चौथ्या दिवशी मातीत चार बोटांचा चांगला मोठा पंजा! मेव्हण्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बिबट्या!" अर्ध्या तासात आळीभर झालं. शेळ्या आत घेतल्या, कोणी फटाके शोधू लागलं. भाची मात्र पट्टी घेऊन बसली. रुंदी भरली सहा सेंटीमीटर, लांबी त्याहून जास्त. बोटांच्या पुढे नखांची टोकं. तिने बोटं आणि मागची गादी यांच्यामधल्या रिकाम्या जागेतून काडीने फुली मारली, ती कुठेही न अडता मारता आली. "मामा, हा कुत्रा आहे," ती म्हणाली. थोडं पुढे जाऊन पाहिलं तर वाडीतलाच तांबडा कुत्रा शेणखताच्या ढिगावर झोपलेला, पाय मातीने भरलेले.

तिने हे कशावरून ओळखलं? मांजराच्या कुळातले प्राणी, म्हणजे घरचं मांजर, बाऊल, बिबट्या, चालताना नखं आत ओढून घेतात. त्यांचा ठसा गोलसर असतो आणि मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. कुत्रा आणि कोल्हा यांचा ठसा लांबट, नखांसकट. पुढे आठवड्याने तिला गोल, बिननखांचा, चार सेंटीमीटरचा ठसा मिळाला. ते बाऊल. बिबट्याचा पंजा सातच्या आसपास आणि त्याहून मोठा. मुंगसाला पाच बोटं आणि नखं. घोरपडीच्या दोन्ही बाजूंना पावलं आणि मधून शेपटीची ओढलेली रेघ. रानडुकराचे दोन खूर, आणि माती मऊ असेल तर मागे बाजूला दोन छोट्या खुणा.

पण इथे फसगतही होते. चिखलात ठसा पसरून मोठा दिसतो. निसरड्यावर मांजरही नखं काढतं, आणि म्हाताऱ्या कुत्र्याची नखं झिजलेली असतात. म्हणून एका ठशावर निकाल द्यायचा नाही, ओळीने चार-पाच बघायचे. भाचीने आणि शेजारच्या पोराने यासाठी नियमच केला. दोघांनी आपापल्या पाटीवर उत्तर लिहायचं, मग एकमेकांना दाखवायचं. बरोबर नावाला दोन गुण, जनावर कुठल्या दिशेला गेलं त्याला एक. चुकलं तर एक गुण वजा, पण "सांगता येत नाही" लिहिलं तर अर्धा गुण मिळतो. हा अर्धा गुण मला फार आवडला. ग्रामसभेतही लागू करायला हरकत नाही!

वनखात्याची माणसंही वर्षानुवर्षं असंच काम करत. ठशावर काच धरून वरून रेषा ओढायची. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1966 च्या सुमारास वाघांच्या मोजणीसाठी ही पद्धत बसवली, आणि सुमारे चाळीस वर्षं तीच चालली. नंतर ती सोडावी लागली, कारण ठशावरून जनावराची जात कळते, पण हा कालचाच वाघ की दुसरा, हे खात्रीने कळत नाही. आता मोजणी आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी होते. तेव्हा पोरांनीही "तोच बिबट्या परत आला" असं म्हणू नये. काचेऐवजी जाड पारदर्शक प्लास्टिक वापरा, हात कापायला नको.

आता तुमच्या माझ्या कामाची गोष्ट. शेळी मेली की पंचनाम्याला भांडण ठरलेलं. मालक म्हणतो बिबट्या, दुसरा म्हणतो मोकाट कुत्री. वनखात्याची भरपाई वन्यप्राण्याने मारल्यावरच मिळते. वनरक्षक येईपर्यंत शंभर माणसं तिथून फिरलेली असतात, एक ठसा शिल्लक राहत नाही. ज्या घरातलं पोर ठसे वाचतं, तिथे पहिला ठसा दिसताच त्यावर घमेलं पालथं पडतं. शहापूरकडे, डोळखांब-किन्हवलीच्या पट्ट्यात आणि तानसाच्या जंगलालगतच्या गावांत हे घमेलं फार उपयोगाचं. माझं स्पष्ट मत आहे की जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात एक कोपरा फरशी न घालता मातीचा सोडावा आणि तिथे मुलांनी ठशांची वही ठेवावी. गुरुजी, यासाठी निधी लागत नाही. ग्रामसेवक साहेब, आवार सिमेंटचं करायच्या ठरावात तेवढे तीन फूट वगळा.

मर्यादा पाळायच्या त्या अशा. ठसे उजाडल्यावरच पाहायचे, एकट्याने नाही. घराच्या हाकेच्या अंतराबाहेर माग काढत जायचं नाही. बिळात हात घालायचा नाही, दगड उलटायचा नाही. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्याकडे आहेत. सात सेंटीमीटरचा गोल ठसा मिळाला तर त्या दिवशी खेळ बंद, आधी मोठ्यांना सांगायचं आणि शेळ्या बंद दाराआड घ्यायच्या.

मिरग लागला की चाळलेली माती वाहून जाते. तेव्हा भाचीने जागा पडवीच्या वळचणीखाली हलवली. तिथे गेल्या पावसाळ्यात तिला सगळ्यात जास्त काय मिळालं असेल? बेडूक, आणि त्यांच्या मागोमाग एक वळणावळणाची रेघ. ती पाहिल्यावर बहिणीने पडवीतली सरपणाची रास त्याच दिवशी उचलून लांब नेली.